तारेची रोधकता दरवेळी कमीच का येते? दोष ब्रिजचा नाही, स्क्रू गेजच्या निगेटिव्ह झिरो एररचा

बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजवर तारेची रोधकता काढायची असते. जोडणी बरोबर, जोडांचे स्क्रू घट्ट, संतुलन बिंदू तारेच्या मधल्या भागात, आणि तरीही कॉन्स्टंटनच्या तारेचं उत्तर ४९ × १०⁻⁸ ओहम-मीटरच्या जवळ यायच्या ऐवजी ३६ च्या आसपास येतं. लातूरला प्रॅक्टिकल घेताना "सर, पुन्हा कमीच यायलंय" हे मला दरवर्षी ऐकायला मिळतं. मग पोरं सेल बदलतात, जॉकी घासतात, रेझिस्टन्स बॉक्सच्या खुंट्या दाबून बघतात. यातलं काही करायची गरज बहुतेक वेळा नसते. चूक ब्रिजवर बसायच्या आधीच, तारेचा व्यास मोजताना झालेली असते.

ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. ज्यांनी ज्यांनी तोच स्क्रू गेज वापरला, त्या सगळ्यांचं उत्तर कमी येतं आणि जवळजवळ सारखंच कमी येतं. जॉकी नीट टेकली नाही, संतुलन बिंदू वाचताना डोळा तिरका पडला, अशा कारणांनी उत्तर कुणाचं वर जातं, कुणाचं खाली. सगळ्यांचं एकाच बाजूला गेलं की दोष एखाद्या ठरावीक मापात आहे असं समजावं. या प्रयोगात तर व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली छोटी चूक उत्तरात जवळपास दुप्पट टक्क्यांनी उमटते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. स्क्रू गेजची पिच १ मिमी आहे आणि सर्क्युलर स्केलवर १०० भाग आहेत, म्हणजे लीस्ट काउंट ०.०१ मिमी. मध्ये काहीही न ठेवता रॅचेट फिरवून दोन्ही टोकं टेकवली, तर रेफरन्स रेषेवर शून्याऐवजी ९६ वी रेघ आली. आता मध्ये २४ गेजची कॉन्स्टंटनची तार धरली. मेन स्केलवर शून्य मिमी आणि सर्क्युलर स्केलवर ५२ वी रेघ, म्हणजे कच्चं रीडिंग ०.५२ मिमी.

इथून पुढे वर्गात तीन वेगवेगळी उत्तरं तयार होतात. पहिला गट शून्य त्रुटी विसरतो आणि ०.५२ हाच व्यास धरतो. दुसरा गट त्रुटी बरोबर काढतो, ४ भाग म्हणजे ०.०४ मिमी, पण "झिरो एरर वजा करायची असते" एवढंच पाठ असल्यामुळे ०.५२ मधून ०.०४ वजा करून ०.४८ लिहितो. तिसरा गट ९६ वी रेघ बघून त्रुटी ०.९६ मिमी धरतो, वजा करतो आणि उत्तर येतं उणे ०.४४ मिमी. तारेचा व्यास उणा आलेला बघून हा गट निदान विचारायला तरी येतो. बाकीचे दोन गट समाधानाने पुढच्या टेबलावर जातात.

खरा व्यास आहे ०.५६ मिमी. या तारेच्या एका मीटरचा रोध १.९९ ओहम आला असं धरा. व्यास ०.५६ घेतला तर रोधकता ४९ × १०⁻⁸ येते. ०.५२ घेतला तर ती ४२ वर येते, आणि ०.४८ घेतला तर थेट ३६ वर. म्हणजे दुरुस्ती उलट दिशेने करणारा गट, दुरुस्तीच न करणाऱ्यापेक्षा दुप्पट चुकला. दरवर्षी दिसणारं ते ३६ इथून येतं.

नीटच्या २०१८ च्या पेपरात हाच सापळा होता. ०.००१ सेमी लीस्ट काउंटच्या स्क्रू गेजने स्टीलच्या गोळीचा व्यास मोजला. मेन स्केल ५ मिमी, सर्क्युलर स्केल २५ भाग, शून्य त्रुटी उणे ०.००४ सेमी. बरोबर उत्तर ०.५२९ सेमी. त्रुटी विसरली तर ०.५२५ येतं, चिन्ह उलटं घेतलं तर ०.५२१, आणि ही दोन्ही उत्तरं पर्यायांमध्ये ठेवलेली होती.

उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी एक नियम पाठ करून घेतात: शून्य रेषेच्या खाली असेल तर पॉझिटिव्ह, वर असेल तर निगेटिव्ह, पॉझिटिव्ह असेल तर वजा, निगेटिव्ह असेल तर मिळवा. नियम बरोबर आहे. पण त्यात वर-खाली, उणे-अधिक, वजा-मिळवा अशा तीन जोड्या लक्षात ठेवायच्या, आणि व्हर्निअर हातात आला की वर-खालीच्या जागी डावं-उजवं येतं. परीक्षेच्या गडबडीत यातली एक जोडी उलटी झाली की सगळं उलटं. म्हणून मी हा नियम पाठ करायला सांगत नाही.

त्याऐवजी एवढंच धरायचं की टोकं टेकलेली असताना जे दिसतं तेही एक रीडिंगच आहे. ते तारेच्या रीडिंगसारखंच वाचायचं: आधी मेन स्केल, मग त्यात सर्क्युलर स्केल मिळवायचं. मग तारेच्या रीडिंगमधून हे रिकामं रीडिंग वजा करायचं. नेहमी वजाच.

व्यास = तारेचं रीडिंग − रिकामं रीडिंग

रिकाम्या रीडिंगचं मेन स्केल किती, एवढाच प्रश्न उरतो. आपल्या गेजमध्ये थिंबलची कड शून्याच्या रेघेच्या किंचित पलीकडे, फ्रेमच्या दिशेने गेलेली आहे. सरकलेलं अंतर ०.०४ मिमी आहे, डोळ्याला ते जेमतेम कळतं. तिथे मेन स्केलवर आणखी एक रेघ आहे अशी कल्पना करा: उणे १ मिमीची. थिंबलने शून्य ओलांडलं, म्हणजे आपण उणे १ आणि शून्य यांच्या मध्ये आहोत. म्हणून मेन स्केलचं रीडिंग उणे १ मिमी. त्यात ९६ × ०.०१ म्हणजे ०.९६ मिळवा. रिकामं रीडिंग आलं उणे ०.०४ मिमी. आता ०.५२ मधून उणे ०.०४ वजा केलं की ०.५६. चिन्ह आपोआप सांभाळलं जातं, कुठे मिळवायचं आणि कुठे वजा करायचं हे आठवायची गरजच पडत नाही.

पण ९६ वी रेघ दिसली म्हणजे उणे ०.०४ च कशावरून, अधिक ०.९६ का नाही, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. अधिक ०.९६ असतं तर टोकं टेकलेली असतानाही थिंबलची कड १ मिमीच्या रेघेजवळ उभी दिसली असती, आणि शून्याची रेघ उघडी पडून शेजारी जवळपास मिलीमीटरभर मोकळी जागा दिसली असती. दुसरी तपासणी हाताने करायची. टोकं टेकलेली असताना थिंबल उघडायच्या दिशेने हळूच फिरवा आणि रेफरन्स रेषेवर येणाऱ्या रेघा मोजा: ९७, ९८, ९९, आणि मग शून्य. चार घरं उघडल्यावर शून्य आलं, म्हणजे टेकलेली जागा शून्याच्या चार घरं अलीकडे होती. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेला मुलगा पुन्हा ०.९६ लिहीत नाही.

व्हर्निअर कॅलिपरलाही हीच रीत जशीच्या तशी लागू होते. दहा भागांचा नेहमीचा व्हर्निअर घ्या, लीस्ट काउंट ०.०१ सेमी. जबडे मिटल्यावर व्हर्निअरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या डावीकडे गेला आहे आणि सातवी रेघ जुळते आहे. व्हर्निअरचा शून्य उणे ०.१ सेमी आणि शून्य यांच्या मध्ये आहे, म्हणून मेन स्केल उणे ०.१ सेमी, त्यात ७ × ०.०१ मिळवले की रिकामं रीडिंग उणे ०.०३ सेमी. लोखंडी सिलिंडरचं कच्चं रीडिंग २.४६ सेमी आलं, तर खरा व्यास २.४६ − (−०.०३) = २.४९ सेमी.

पुस्तकात हेच "दहातून सात वजा करून लीस्ट काउंटने गुणा आणि उणे चिन्ह द्या" असं दिलेलं असतं. उत्तर तेच येतं. पण त्यातला दहा हा आकडा या व्हर्निअरच्या भागांचा आहे, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आयटीआयमध्ये किंवा वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाच्या हातात पन्नास भागांचा, ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा कॅलिपर येतो. तिथे ४६ वी रेघ जुळली की दहातून शेहेचाळीस वजा कसे करायचे म्हणून तो अडतो. मेन स्केल उणे १ मिमी, अधिक ४६ × ०.०२ म्हणजे ०.९२, रिकामं रीडिंग उणे ०.०८ मिमी. या रीतीला भागांची संख्या वेगळी आठवावी लागत नाही.

उत्तर चुकलं आहे हे कळल्यावर नेमकं कुठे चुकलं, ते चुकीच्या मोठेपणावरूनच ओळखता येतं. त्यासाठी ज्याचा व्यास आधीपासून ठाऊक आहे अशी एक वस्तू लागते. महागडे गेज ब्लॉक शाळा-कॉलेजात नसतात, पण सायकलच्या दुकानात मिळणारा पाव इंची छर्रा या कामाला उत्तम. मागच्या चाकाच्या हबमध्ये घालतात तो. नवा, न गंजलेला घ्या. त्याचा व्यास ६.३५ मिमी असतो, आणि बेअरिंगचे छर्रे आपल्या ०.०१ मिमीच्या लीस्ट काउंटच्या मानाने फार अचूक बनवलेले असतात. आमच्या उदाहरणातल्या गेजवर त्याचं कच्चं रीडिंग ६.३१ यायला हवं, आणि दुरुस्तीनंतर ६.३५.

दुरुस्त उत्तर ६.३१ आलं, म्हणजे फरक शून्य त्रुटीएवढाच, तर दुरुस्ती केलेलीच नाही. ६.२७ आलं, म्हणजे फरक त्रुटीच्या दुप्पट, तर चिन्ह उलटं घेतलं. ५.३५ आलं, म्हणजे बरोबर एक पिच गायब झाली, तर उणे ०.०४ च्या जागी अधिक ०.९६ धरलं. फरक बरोबर ०.५० मिमी निघाला, तर गेज अर्ध्या मिलीमीटर पिचचा आहे आणि रिकाम्या रीडिंगचं मेन स्केल चुकीचं धरलं. वर्कशॉपचे माइक्रोमीटर बहुधा असेच असतात: पिच ०.५ मिमी, थिंबलवर ५० भाग, लीस्ट काउंट तोच ०.०१ मिमी. लीस्ट काउंट सारखा दिसतो म्हणून पिच १ मिमीच असणार असं धरलं जातं. पाच पूर्ण फेरे फिरवून बघा, थिंबल ५ मिमी सरकली की अडीच, लगेच कळतं. या गेजवर निगेटिव्ह रिकाम्या रीडिंगचं मेन स्केल उणे ०.५ मिमी होतं, बाकी सगळं तसंच.

फरक यातल्या कशाशीच जुळत नसेल आणि दर वेळी ०.०१-०.०३ ने मागेपुढे होत असेल, तर गणित सोडून हाताकडे बघा. आमच्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात खिडक्या लावल्या तरी आत येते आणि तेलकट टोकांवर बसते. ही धूळ टोकांना पूर्ण मिटू देत नाही, म्हणून ती रिकामं रीडिंग फक्त वाढवू शकते. खरी त्रुटी उणे ०.०४ असताना धुळीमुळे ती उणे ०.०१ दिसली, आणि तार धरताना टोकं पुसली गेली, तर व्यास ०.५६ च्या जागी ०.५३ येईल. उलट, धुळीने निगेटिव्ह त्रुटी कधीच तयार होत नाही. ती दिसली तर टोकं झिजली आहेत, थिंबल स्क्रूवर सरकली आहे, किंवा कुणीतरी रॅचेट सोडून थेट थिंबल पिळून टोकं आवळली आहेत, असं समजायचं. स्वच्छ कोरा कागद टोकांमध्ये हलकेच धरून ओढून काढला की टोकं पुसली जातात. मग रॅचेट तीन वेळा वाजेपर्यंत फिरवायचं. रिकामं रीडिंग आणि तारेचं रीडिंग, दोन्ही असंच घ्यायचं आणि दोन्ही वेळा मिटायच्या दिशेनेच येऊन थांबायचं. पुढे जाऊन मागे फिरवलं की स्क्रूच्या आट्यांमधला ढिलेपणा रीडिंगमध्ये शिरतो. रिकामं रीडिंग सुरुवातीला एकदा आणि तार मोजून झाल्यावर पुन्हा एकदा घ्या. दोन्हींत एका भागापेक्षा जास्त फरक पडला तर सगळी रीडिंगं पुन्हा घ्यायची, सरासरी काढून पुढे सरकायचं नाही.

उन्हाचं कारणही खूप जण देतात: "सर, उकाड्याने लोखंड वाढलं असणार." हिशोब करून बघा. मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. प्रयोगशाळेत ४० अंश असतील तर ६.३५ मिमीचा स्टीलचा छर्रा २० अंशांच्या फरकाने साधारण ०.००१५ मिमी वाढतो. आपला लीस्ट काउंट त्याच्या सहापटीहून मोठा आहे, शिवाय स्टीलचा गेजही त्याच प्रमाणात वाढलेला असतो. ०.०४ ची चूक उन्हावर ढकलता येत नाही.

तार मोजताना एक काळजी वेगळी घ्यावी लागते. वापरून वापरून तार कुठे चपटी झालेली असते, म्हणून प्रत्येक जागी एकमेकींशी काटकोनातल्या दोन दिशांनी व्यास घ्या. दोन दिशांमधला फरक शून्य त्रुटीने जाणार नाही, तो तारेचा आहे.

शून्य त्रुटीच्या दुरुस्तीने सगळंच सुधारत नाही. व्हर्निअरचे जबडे मिटून खिडकीकडे धरा. दोघांच्या मधून टोकाशी उजेड दिसत असेल आणि दांडीजवळ दिसत नसेल, तर जबडा झिजलेला किंवा सैल होऊन कललेला आहे. अशा कॅलिपरला एक शून्य त्रुटी नसतेच. टोकाशी धरलेल्या वस्तूला एक आणि दांडीजवळ धरलेल्या वस्तूला दुसरी. तोच वापरायची वेळ आली तर वस्तू शक्य तितकी दांडीजवळ धरायची, आणि शक्य असेल तर कॅलिपर बदलून घ्यायचा. स्क्रू गेजच्या बाबतीत पाव इंची छर्ऱ्यासोबत पुढच्या हबचा ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमीचा छर्राही मोजा. दोन्हींत सारखाच फरक राहिला तर रिकामं रीडिंग चुकलं आहे. मोठ्या छर्ऱ्यात फरक स्पष्ट वाढत असेल तर स्क्रूचे आटे झिजले आहेत, आणि कुठलीही वजाबाकी त्याला उपयोगाची नाही.

वर्कशॉपच्या माइक्रोमीटरसोबत डबीत एक छोटा आकडा-पाना येतो. त्याने बाहेरची नळी किंचित फिरवून शून्य जुळवता येतो. थोड्या त्रुटीसाठी हे चालतं, पण ते काम ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्यानेच करावं. प्रॅक्टिकलच्या मध्येच कुणी शून्य जुळवला, तर आधीच्या गटांनी वहीत लिहिलेली शून्य त्रुटी त्यानंतर घेतलेल्या रीडिंगना लागू होत नाही. जुळवल्यावर रिकामं रीडिंग नव्याने तीनदा घ्यायचं, छर्रा पुन्हा मोजायचा, आणि नवी त्रुटी तारखेसह चिठ्ठीवर लिहून ती डबीच्या झाकणाला आतून चिकटवायची. पुढच्या बॅचनेही ती चिठ्ठी वाचून थांबू नये, स्वतःचं रिकामं रीडिंग घ्यावं आणि ते चिठ्ठीशी ताडून बघावं.